पावणेदहाला या, डबा आणू नका

रविवारी रात्री सव्वाअकराला मी एका मुलीला व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली होती: "उद्या सकाळी ठीक साडेआठ वाजता सर्व मूळ कागदपत्रांसह रिपोर्ट करावे. एचआर विभाग." भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे गाड्यांसाठी पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या कारखान्यात, मी तेव्हा एचआर बघत होते. मुलगी बार्शीची. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, क्वालिटीत ट्रेनी म्हणून येणार होती. माझ्या मते त्या ओळीत सगळं होतं. वार, वेळ, कागद. पाठवली आणि झोपले.

ती आठ दहालाच पोचली, पण गेट नंबर १ वर. ते मालाचं गेट. तिथं पत्र्याच्या कॉइलचे ट्रक उभे असतात, माणसांना आत सोडत नाहीत. वॉचमननं तिला प्लॉटला वळसा घालून मागच्या गेटवर पाठवलं. तिथल्या रजिस्टरमध्ये तिचं नाव नव्हतं, कारण मी ते दिलंच नव्हतं. वॉचमननं मला फोन लावला. मी प्रॉडक्शनच्या सकाळच्या मीटिंगमध्ये होते आणि फोन सायलेंटवर होता. क्वालिटीचे साहेब त्या दिवशी गिऱ्हाइकाकडे रिजेक्शन बघायला गेलेले, त्यांनाही ती येणार हे ठाऊक नव्हतं. सव्वादहापर्यंत मुलगी सिक्युरिटी केबिनमध्ये बसून होती, मांडीवर दहावीपासूनच्या मार्कशीटची फाइल घेऊन.

जेवणाचं तर त्याहून वाईट. आमच्याकडे कँटीन होतं, हे इंटरव्ह्यूत कुणीतरी तिला सांगितलेलं, म्हणून तिनं डबा आणला नाही. पण कँटीनवाल्याला माणसांचा आकडा रोज सकाळी दहाला जातो. त्या आकड्यात ती नव्हती. आकड्यात नसलेल्या एका माणसासाठी कँटीनवाला उपाशी ठेवत नाही, वरणभात निघतोच, पण ते मागायला आधी कुणाला विचारायचं हे माहीत हवं. तिनं हॉस्टेलमधून आणलेला बिस्किटांचा पुडा वॉशरूमच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून संपवला. हे मला वर्षभरानं कळलं. ती म्हणाली, "मॅडम, भुकेचं काही नव्हतं हो. कुठं बसायचं तेच कळेना."

आणि गुरुवारी ती कामावर आली. भोसरी-पिंपरीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी काम चालू. इथं जन्म काढलेल्यांना हे सांगावं लागत नाही आणि म्हणूनच ते कुणी सांगत नाही. बंद गेटवर वॉचमननं तिला परत पाठवलं. तिनं शनिवार रात्रीच्या बार्शी गाडीचं तिकीट काढलं होतं, रविवार सुट्टीचा असं धरून. ते रद्द करायला लागलं.

त्या आठवड्यानंतर मी तो मेसेज नव्यानं लिहायला घेतला. पुढच्या काही वर्षांत वीसेक वेळा तरी बदलला. आता तो साधारण कसा असतो आणि प्रत्येक वाक्य तिथं का आलं, तेवढंच इथं सांगते.

सगळ्यात आधी वेळ. नव्या माणसाला कारखान्याच्याच वेळेला बोलवायचं, ही माझी पहिली चूक. आमची जनरल शिफ्ट साडेआठला सुरू होते. साडेआठ ते साडेनऊ हा दिवसातला सगळ्यात गजबजलेला तास. पहिली शिफ्ट सातला लागलेली असते, रात्री काय बिघडलं, कुठली डाय निघाली, कुठला ऑर्डर आज जायलाच पाहिजे, याचा हिशेब त्या तासात होतो. ज्या चार माणसांनी नव्याला भेटायचं तीच चार त्या वेळी एका खोलीत असतात. त्यामुळे मी वेळ पावणेदहा ठेवली. दहा नाही, कारण दहाला कँटीनचा आकडा जातो आणि त्याआधी माणूस खरंच आलाय हे मला दिसलं पाहिजे. ऑफिसांमध्येही असंच असतं, फक्त तास वेगळा. बँकेच्या शाखेत काउंटर उघडण्याच्या आसपास, शाळेत पहिल्या तासाला, हॉस्पिटलात राउंड चालू असताना. आपल्याकडचा तो तास कुठला हे ओळखायचं आणि नव्याला त्याच्यानंतर अर्ध्या तासानं बोलवायचं.

"ठीक साडेआठ" असं लिहिण्यात आणखी एक गंमत असते. "ठीक" वाचून माणूस अर्धा तास आधी येतो. गावाहून नवा आलेला, बसचा अंदाज नसलेला, तर पाऊण तास आधी. म्हणजे त्याचा दिवस वॉचमनजवळ सुरू होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून मी आता लिहिते, "पावणेदहाला या. लवकर पोचलात तर केबिनमध्ये बसायला जागा आहे, पण साडेनऊच्या आधी आत घेता येणार नाही." ह्या वाक्यानं लोक खरोखर साडेनऊला येतात.

वेळेइतकंच गेट महत्त्वाचं. एमआयडीसीत पत्ता म्हणजे ब्लॉकचं अक्षर आणि प्लॉट नंबर. रिक्षावाल्याला ब्लॉक कळतो, प्लॉट कळत नाही, आणि शेजारच्या दोन कंपन्यांच्या पाट्या आपल्यासारख्याच निळ्या. नकाशावरचं लोकेशन बहुतेक वेळा प्लॉटच्या मधोमध पडतं, ते बघून येणारा मालाच्या गेटवर जातो. मी एका दुपारी मागच्या गेटवर, वॉचमनच्या केबिनच्या दारात उभी राहिले, तिथून स्वतःचं लोकेशन स्वतःलाच पाठवलं आणि तेच आजवर सगळ्यांना फॉरवर्ड करते. शिवाय एक खूण तोंडी, कारण रिक्षात बसून मोबाइल दाखवण्यापेक्षा "टी ब्लॉक, पाण्याच्या टाकीच्या समोरची गल्ली" म्हणणं सोपं.

मेसेज नव्या माणसाला जातो असं आपण समजतो. पण त्याची दुसरी प्रत वॉचमनकडे गेली नाही तर पहिली निम्मी फुकट जाते. आमच्या वॉचमनला मेसेज वाचायची गरज नसते, त्याला रजिस्टरमध्ये एक ओळ हवी असते. नाव, वेळ, कुणाला फोन करायचा, आणि तो फोन लागला नाही तर दुसरा कुणाचा. हा दुसरा नंबर फार कामाचा. बार्शीच्या मुलीच्या दिवशी वॉचमनकडे एकच नंबर होता, माझा, आणि माझा फोन माझ्या पर्समध्ये मुका पडलेला.

आता माणसं. कुणाकुणाला भेटायचं याची यादी हा मेसेजचा दिसायला सगळ्यात भरगच्च भाग, आणि तोच बहुतेक ठिकाणी खोटा असतो. एका कंपनीचा पहिल्या आठवड्याचा तक्ता मी पाहिला होता. त्यात पाच दिवसांत अठरा जणांच्या भेटी होत्या, प्रत्येकी अर्धा तास, सीएफओपासून लॅबपर्यंत. त्यातल्या कितीजणांना आपलं नाव त्या तक्त्यात आहे हे माहीत होतं, असं मी विचारलं. ज्यानं तक्ता केला तो हसला. नवा माणूस दारात उभा राहतो, आतला म्हणतो "आज नको रे, उद्या बघू," आणि बुधवारपर्यंत तक्ता कुणी उघडूनही बघत नाही. नुकसान नव्याचं होतं. पुढच्या वेळी तो त्या दारात जात नाही, कारण एकदा परत पाठवलेलं असतं.

म्हणून मी नियम केला: ज्यानं हो म्हटलंय त्याचंच नाव घालायचं. मेसेज पाठवण्याच्या आदल्या दिवशी मी त्या त्या माणसाकडे जाते आणि विचारते, "मंगळवारी अकराला वीस मिनिटं देणार का?" तो म्हणाला "मंगळवारी डाय ट्रायल आहे," तर बुधवार. असं करताना यादी आपोआप आठवड्याला पाच-सहा माणसांवर येते. दिवसाला एक, फार तर दोन. ते पुरतं. ट्रेनीला प्लँट हेड भेटायची काय घाई? त्याला आधी स्टोअरवाला भेटायला हवा, कारण हातमोजे, मार्कर, मोजमापाची साधनं तिथूनच मिळतात. मग लाइनवरचा इन्स्पेक्टर, ज्याच्या बाजूला तो तीन महिने उभा राहणार. मग टूल रूम, कारण क्वालिटीतून निघालेली निम्मी भांडणं टूल रूममध्ये जाऊन मिटतात.

प्रत्येक नावापुढे मी आता तीन गोष्टी लिहिते. कशासाठी भेटायचं, कुठे बसतात, आणि त्यांना सगळे काय म्हणतात. ही तिसरी गोष्ट कुठल्याच कंपनीच्या तक्त्यात नसते. आमच्या स्टोअरच्या इनचार्जचं कागदावरचं नाव तीन शब्दांचं, पण ते नाव घेऊन विचारलंत तर शॉप फ्लोअरवर कुणीही "कोण?" म्हणेल. ते सगळ्यांचे अण्णा. टूल रूमच्या प्रमुखाला "सर" म्हटलेलं आवडत नाही, त्यांना "काका". क्वालिटीच्या मॅडम मात्र मॅडमच, तिथं "ताई" चालत नाही. नवा माणूस पहिले दोन दिवस कुणालाच हाक मारत नाही, कारण काय म्हणायचं ते त्याला कळत नाही. समोर येईपर्यंत वाट बघतो किंवा "एक्सक्यूज मी" म्हणतो आणि प्रेसच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नाही. "अण्णा" मोठ्यानं म्हणता येतं.

अकाउंट्सची भेट कधी ठेवायची यात मी बरीच वर्षं चुकत होते. बहुतेक लोक १ तारखेला जॉइन होतात, पगाराचा हिशेब सोपा जातो म्हणून. आणि त्याच आठवड्यात अकाउंट्समध्ये पगार लागत असतो. कायद्यानुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. पीएफ आणि ईएसआय भरायची मुदत १५ तारीख. म्हणजे १ ते ७ आणि नंतर १३ ते १५ या दिवसांत अकाउंट्सच्या टेबलावर जाऊन "माझा यूएएन जुना आहे, तोच चालेल ना?" असं विचारणाऱ्याला नीट उत्तर मिळणं अवघड. आणि तो प्रश्न महत्त्वाचा असतो. आधी कुठे नोकरी केली असेल तर पीएफचा यूएएन नंबर तोच पुढे चालवायचा, फॉर्म ११ मध्ये तो लिहायचा. घाईत तो रकाना कोरा राहिला तर नवा नंबर काढला जातो आणि मग दोन खाती एकत्र करायची खटपट त्या माणसाच्या गळ्यात पडते. म्हणून पहिल्या दिवशी मी फक्त फॉर्म भरून घेते आणि अकाउंट्सची बैठी भेट मुदत सरल्यावर ठेवते.

कागदांबद्दल एकच. "सर्व मूळ कागदपत्रं" असं लिहू नये. माणूस आयुष्यभराची फाइल घेऊन बसमध्ये चढतो, लिव्हिंग सर्टिफिकेटसकट. आम्हाला लागतात आधार, पॅन, शेवटची मार्कशीट, पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक, आणि दोन फोटो. मूळ बघून लगेच हातात परत, ठेवून घेत नाही. हे "ठेवून घेत नाही" लिहायलाच हवं, कारण काही ठिकाणी मार्कशीट अडकवून ठेवतात हे पोरांनी ऐकलेलं असतं. आणि आधारवरचं नाव व पॅनवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते घरीच बघा, एवढं सांगते. एकावर वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि यूएएन काढताना तेवढ्यावर गाडी अडते.

जेवणाकडे येते, कारण मेसेजमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ त्यावरच घालवते. साहेब लोकांना हे हास्यास्पद वाटतं. एकानं मला विचारलं होतं, "जेवण काय, लोक जेवतीलच की." कायद्याला मात्र ते हास्यास्पद वाटलेलं नाही. १९४८च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी हवी, असं होतं. २५० पेक्षा जास्त कामगार असले तर कँटीन हवं आणि १५० पेक्षा जास्त असले तर निदान बसून डबा खाण्याची खोली. २०२०च्या नव्या संहितेत कँटीनसाठीचा हा आकडा कंत्राटी कामगार धरून १०० वर आला. पण कायदा खोली देतो. त्या खोलीत कुठल्या टेबलावर बसायचं ते कायदा सांगत नाही.

आमच्या कँटीनमध्ये टेबलं ठरलेली आहेत. कुणी ठरवलेली नाहीत, पण ठरलेली आहेत. खिडकीजवळ टूल रूम, हात धुवायच्या जागेपाशी मेंटेनन्स, पंख्याखाली ऑफिस. डबेवाले एकीकडे, कँटीनची थाळी घेणारे दुसरीकडे, आणि डबेवाल्यांत भाज्यांची देवाणघेवाण चालते. त्यामुळे डबा आणणारा नवा माणूस थाळी घेणाऱ्यापेक्षा लवकर मिसळतो, हे मी स्वतः बघितलंय. तरीही पहिल्या दिवशी डबा आणू नका असं मी सांगते. हॉस्टेलवर किंवा नातेवाइकाकडे उतरलेल्याला पहिल्याच सकाळी डबा जमवणं म्हणजे कुणाला तरी पहाटे उठवणं. त्यापेक्षा पहिल्या दिवशी थाळी कंपनीची, दुसऱ्या दिवसापासून तुमची मर्जी.

पैशाचंही लिहिते. थाळीचे पैसे कसे कापतात, कुपन घ्यायचं की पगारातून जातात. ही गोष्ट विचारायला माणूस लाजतो. मी एका मुलाला तीन दिवस बाहेरच्या गाड्यावर वडापाव खाताना बघितलं. त्याला वाटलं होतं थाळीचे पैसे रोख द्यावे लागतात आणि त्याच्याकडे पहिल्या पगारापर्यंत मोजके पैसे होते. खरं तर ते पगारातूनच कापले जायचे.

मग उपास. जेवणाबद्दल विचारताना आपण शाकाहारी की मांसाहारी एवढंच विचारतो. पण लोक सोमवारी जॉइन होतात आणि सोमवारचा उपास करणारे कितीतरी असतात. पहिल्या दिवशी टीम ताटाभोवती बसलेली आणि नवा माणूस पाण्याची बाटली घेऊन. बरं, "माझा उपास आहे" म्हटलं की सगळे "अरे आधी सांगायचंस" म्हणतात, आणि तो ओशाळतो. कँटीनवाल्याला दहाच्या आधी कळलं तर तो साबुदाण्याची खिचडी किंवा निदान केळी आणि ताक ठेवतो. म्हणून प्रश्न असा: "काय खात नाही आणि कुठल्या वारी उपास असतो?" कांदा-लसूण न खाणारेही यातच सांगतात, वेगळं विचारावं लागत नाही.

आणि कुणाबरोबर जेवायचं. हा मुद्दा मी बऱ्याच उशिरा शिकले. सुरुवातीला मी नव्या माणसाचं पहिलं जेवण मॅनेजरबरोबर ठेवायचे, मान म्हणून. ते कुणालाच घास गोड लागू देत नाही. मॅनेजर फोनवर, नवा माणूस पोळीचे तुकडे मोजत. आता पहिल्या दिवशीचं जेवण त्याच्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी जुन्या असलेल्या कुणाबरोबर तरी असतं. त्या माणसाला मी आधी सांगते आणि एक गोष्ट बजावते: एक वाजता तू त्याला त्याच्या जागेवर जाऊन घेऊन यायचंस, तो कँटीनमध्ये तुला शोधत येणार नाही. मॅनेजरचं जेवण दुसऱ्या आठवड्यात, तोपर्यंत दोघांना बोलायला काहीतरी झालेलं असतं.

इतकं सगळं लिहिलं तर मेसेज दोन पानांचा होतो. तो कुणी वाचत नाही, वर-खाली करून "ओके मॅडम" पाठवतात. म्हणून मी त्याचे तुकडे केले. पहिल्या दिवसाचं एका स्क्रीनवर मावेल एवढंच. आठवड्याचं वेगळ्या मेसेजमध्ये. आणि ते तीन-चार दिवस आधी, दिवसाउजेडी, कारण गावाहून येणाऱ्याला तिकीट काढायचं असतं आणि राहण्याची सोय बघायची असते. आदल्या संध्याकाळी फक्त एक ओळ, "उद्या पावणेदहा, गेट २, भेटू." जळगावच्या एका मुलाला पाठवलेला मेसेज देते. नावांच्या जागी इथे हुद्दे घातलेत.

"नमस्कार. शुक्रवार १२ तारखेला तुमचा पहिला दिवस. सकाळी पावणेदहाला (९.४५) गेट नंबर २ वर या. सोबतचं लोकेशन त्याच गेटचं आहे. रिक्षाला 'टी ब्लॉक, पाण्याच्या टाकीसमोर' सांगा. केबिनमध्ये तुमचं नाव लिहिलेलं आहे. मी न्यायला येईन. माझा फोन लागला नाही तर वॉचमन अकाउंट्समध्ये फोन करतील. आणायचं: आधार, पॅन, डिप्लोमाची शेवटची मार्कशीट, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, २ फोटो. मूळ बघून लगेच परत. जेवण १ वाजता कँटीनमध्ये, क्वालिटीतला तुमच्याआधीचा ट्रेनी तुम्हाला घेऊन जाईल. डबा आणू नका, त्या दिवशीची थाळी कंपनीची. मोबाइल आणा, शॉपमध्ये जाताना कॅमेऱ्यावर स्टिकर लावतील. उत्तरात कळवा: बुटाचा नंबर, काय खात नाही, कुठल्या वारी उपास."

बुटाचा नंबर कशाला, असं विचाराल. सेफ्टी शूजशिवाय शॉप फ्लोअरवर पाऊल ठेवता येत नाही, आणि स्टोअरमध्ये ७ आणि ८ नंबरचे जोड भरपूर असतात, ५ आणि १० चे मागवावे लागतात. बार्शीच्या मुलीचा नंबर ५ होता. तिचे बूट यायला चार दिवस लागले आणि तोवर तिला शॉपमध्ये जाताच येईना. क्वालिटीची ट्रेनी, आणि पहिला आठवडा काचेच्या पलीकडून लाइन बघण्यात गेला.

दुसरा मेसेज आठवड्याचा.

"शुक्रवार दुपारी ३ ला स्टोअर, अण्णा (इनचार्ज, सगळे अण्णाच म्हणतात): बूट, गॉगल, हातमोजे. शनिवार ११ ला लाइन २ चे इन्स्पेक्टर: पुढचे तीन महिने त्यांच्याबरोबर. रविवारी काम चालू, भेट कुठलीच नाही, दिवसभर लाइनवर. सोमवार ११.३० ला टूल रूम, काका: डाय कशी बसते ते बघायला. मंगळवार ४ ला क्वालिटीच्या मॅडम, अर्धा तास. ही वेळ बदलू शकते, बदलली तर मी सांगेन. बुधवार १२ ला अकाउंट्स: पीएफ, पगाराचं खातं, थाळीची कपात. गुरुवार १८ सुट्टी. आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. गावी जायचं तिकीट त्याप्रमाणे काढा."

जॉइनिंग शुक्रवारी का, तर भोसरीचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. सोमवारी बोलावलं की तीन दिवसांत सुट्टी येते आणि मध्येच सांधा तुटतो. अकाउंट्स बुधवारी, कारण सोमवारी १५ तारीख होती.

"बदलू शकते" हे एकाच भेटीपुढे लिहिलंय, तेही मुद्दाम. सगळ्या तक्त्याच्या खाली "वेळापत्रकात बदल होऊ शकतो" असं एक वाक्य टाकलं की कुठलीच वेळ खरी वाटत नाही. जी डळमळीत आहे तिच्यापुढेच तसं लिहायचं. मॅडमना गिऱ्हाइकाचा फोन कधीही येतो. टूल रूमचे काका साडेअकराला म्हणजे साडेअकराला असतात.

मेसेज जमला की नाही हे मला उत्तरात आलेल्या प्रश्नांवरून कळतं. "गेट कुठलं?" असा प्रश्न आला की लोकेशन चुकलंय. रविवारी रात्री "उद्या यायचं ना?" असा आला की आदल्या संध्याकाळची ओळ मी विसरलेय. नव्याचा एकही प्रश्न आला नाही तर मात्र मी खूश होत नाही. एक तर त्यानं वाचलेलं नसतं, किंवा विचारायचं धाडस झालेलं नसतं. दुसरी खूण वॉचमनची. पावणेदहाच्या सुमारास त्याचा फोन "मॅडम, एक मुलगा आलाय, काय करू?" असा आला तर रजिस्टरची ओळ राहिली. "मॅडम, तुमचा जळगावचा आला," असा आला तर सगळं ठीक.

एक मर्यादा आहे, ती कबूल करते. ज्या ठिकाणी पहिल्या दिवशी कुणाला वेळच नाही, तिथं मेसेज कितीही चांगला लिहा, तो फक्त रिकामी खुर्ची नीट दाखवतो. तिथं जॉइनिंग दोन दिवस पुढे ढकलणं बरं. मी हे एकदा सुचवलं तेव्हा मला सांगितलं गेलं की ऑफर लेटरवर तारीख आहे. तारीख पाळली आणि तो मुलगा तीन दिवस जुन्या ड्रॉइंगच्या फायली लावत बसला. चौथ्या दिवशी तो आलाच नाही.

जळगावच्या मुलाचं उत्तर तासाभरात आलं. "बूट ९ नंबर. सगळं खातो. सोमवारी उपास." कँटीनवाल्याला मी सोमवारची एक खिचडी लिहून दिली. मग अर्ध्या तासानं त्याचा दुसरा मेसेज आला. "मॅडम, एक विचारू का? सुटायचं किती वाजता? चाकणच्या बसचं बघायचं होतं." मी माझे दोन्ही मेसेज वरपासून खालपर्यंत परत वाचले. आत यायची वेळ होती, जेवायची होती, अण्णांची होती, काकांची होती. पाचला सुटतो, हे मी कुठंच लिहिलं नव्हतं.